कुलूप फारसी, चावी पोर्तुगीज. मग किल्ली कुठली?

नंदगडचा_नाना

नमस्कार मंडळी. घराच्या मागच्या दाराचं काम काढलंय. पावसानं चौकट खाल्ली होती, म्हटलं एकदाच काय ते नीट करू. मिस्त्रींनी खर्चाचा कागद लिहून दिला. तो जसाच्या तसा उतरवतो:

सागवान फळी, चौकट
बिजागरी ४ नग
स्क्रू १ डबी, खिळे पाव किलो
कडी-कोयंडा १
कुलूप १ (चाव्या ३)
हँडल, पॉलिश
मजुरी ५ दिवस
उचल वजा जाता बाकी

कागद टेबलावर पडला होता. भाचा दहावीला आहे, त्याने वाचला आणि म्हणाला, "मामा, यातले अर्धे शब्द बाहेरचे आहेत." कुठले म्हटलं तर हँडल, स्क्रू, पॉलिश एवढेच सांगता आले. ते तर कोणीही सांगेल. कुलूप फारसी आणि चावी पोर्तुगीज असं मी कुठंतरी वाचलेलं आठवतं, पण आमच्या घरात आजी किल्लीच म्हणायची, चावी नव्हे. किल्ली मग कुठली?

शब्दकोश उघडून बघा, असं कृपया कोणी सांगू नका. तो बघता येतो. कानानं किंवा नुसत्या अक्षरावरून ओळखता येतं का, ते विचारतोय.

अनगोळचा_मन्या

एकदम सोप्पं आहे नाना. शेवटी दार, खाना, गिरी, नामा किंवा सुरुवातीला बे, ना, गैर आलं की फारसी. ॲ, ऑ आलं की इंग्रजी. खायची वस्तू असली की पोर्तुगीज, म्हणजे बटाटा, पाव, काजू, पपई, अननस, कोबी.

या हिशेबाने तुमचं दारच फारसी निघतं बघा. दरवाजा फारसी, हवालदार फारसी, जमीनदार फारसी. बिजागरी मात्र अस्सल आपली, बीज अधिक आगर. किल्ली म्हणजे किल्ल्याची ती किल्ली. संपला विषय.

चिकोडी_मास्तर

मन्या, विषय संपवायची घाई करू नकोस. तुझ्या यादीतलं बरंचसं बरोबर आहे, पण तुझी गाडी घसरली ती नेमकी दारातच.

हवालदार, जमीनदार, फौजदार यांतला "दार" म्हणजे धरणारा, बाळगणारा. तो फारसीच, पण घराच्या दाराशी त्याचा काही संबंध नाही. आपलं दार संस्कृत द्वारापासून प्राकृतातून घरंगळत आलंय. फारसीत दाराला "दर" म्हणतात हे खरं, आणि दरवाजा तिकडूनच आला हेही खरं. पण दर आणि द्वार हे मुळात एकाच घराण्यातले चुलतभाऊ आहेत. चुलतभावांचे चेहरे जुळले म्हणून एकाने दुसऱ्याकडून तोंड उसनं घेतलं असं होत नाही. फारसी आणि संस्कृत या नात्यातल्या भाषा असल्यामुळे असे फसवे जोड बरेच सापडतात. म्हणून नुसतं साम्य दिसलं की थांबायचं, लगेच निकाल द्यायचा नाही.

आता नानांना हवी ती कानाची खूण. माझ्या मते सगळ्यांत कामाची खूण म्हणजे ळ.

जुना एकटा "ल" दोन स्वरांमध्ये सापडला की मराठीच्या वाटचालीत त्याचा ळ झाला. फल होतं त्याचं फळ झालं, काल होता त्याचा काळ, माला होती तिची माळ. हा बदल फारसी शब्द येण्याच्या आधीच होऊन गेला होता, त्यामुळे नंतर आलेल्या पाहुण्यांचा ल तसाच राहिला. माल, साल, कमाल, दलाल, मशाल, पोलाद यांत कुठेही ळ नाही. घोड्याच्या पायाला ठोकतात ती नाल, बाळाची असते ती नाळ. पहिली अरबी-फारसी, दुसरी आपली.

आता तुमचा कागद बघा. फळीत ळ, खिळ्यात ळ, दोन्ही घरचे. कुलपात मात्र ल. कुलूप आलं अरबी "कुफ्ल"वरून, फारसीमार्गे. फ आणि ल यांनी जागा बदलल्या आणि फ चा प झाला. आणि कुलूप यायच्या आधी आपल्याकडे काय होतं? टाळं. त्यात ळ आहेच. कारखान्याला अजून टाळं ठोकतात. टाळेबंदी शब्दात तर पुढचा अर्धा आपला आणि मागचा "बंदी" फारसी.

अनगोळचा_मन्या

मास्तर, मग कमल, जल, कोमल? हे पण फारसी?

चिकोडी_मास्तर

नाही रे. ते संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले. म्हणजे ळ दिसला तर शब्द घरचा असण्याची शक्यता फार मोठी. नुसता ल दिसला तर तीन शक्यता: शब्द संस्कृतातून सरळ घेतलेला, बाहेरून आलेला, किंवा प्राकृतात तिथे जोड "ल्ल" होता, जसा गालात. संस्कृतचा बहुधा ओळखता येतो. उरलेल्या दोघांत निवड करायला मग दुसरी खूण लागते.

निपाणीची_सुमन

मला एक समजत नाही, हे शब्द काढून टाकायचेत का? कुलूप आणि चावी काढली तर घर उघडं ठेवायचं का? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हा पेशवा जाऊन पंतप्रधान आला, मुजुमदार जाऊन अमात्य, सुरनीस जाऊन सचिव. ते राज्यकारभाराचं झालं. आम्ही स्वयंपाकघरात बटाट्याला काय म्हणायचं? माझ्या सासूबाईंना बटाटा उपासाला चालतो, पोर्तुगीज आहे म्हणून सांगितलं तर काय होईल देव जाणे.

नंदगडचा_नाना

सुमनताई, काढायचं काहीच नाही हो. दार बसवायचं आहे. फक्त कुठला शब्द कुठून आला ते ओळखायची हौस आहे. बटाटा सुखाने खा.

चिकोडी_मास्तर

सुमनताईंनी कोशाचा विषय काढलाच आहे तर एक सांगतो. त्यांच्या पोस्टमध्ये "शिवाय" नाही, पण नानांच्या उत्तरात "फक्त" आहे. माझ्या वरच्या पोस्टमध्येही फारसी-अरबी किती शिरलेत ते मोजू नका. हीच दुसरी खूण. फारसीतून आपल्याकडे नुसत्या वस्तू आल्या नाहीत, वाक्य जोडायचे खिळेसुद्धा आले. फक्त, शिवाय, खेरीज, बद्दल, बाबत, मार्फत, आणि दोन शब्दांमधला "व". इतक्या आत शिरायला काही पिढ्या कचेरीत एकत्र बसावं लागतं. आपला भाग तर आदिलशाहीतला. जमीनमहसुलाचे कागद लिहिणारा कारकून मराठी आणि वरचा अंमलदार फारसी जाणणारा, अशी सोबत कितीतरी वर्षं चालली.

पोर्तुगीजांचं तसं नाही. त्यांच्याकडून आलेलं एक तरी शब्दयोगी अव्यय मला कोणी दाखवावं. वस्तू आल्या, वस्तूंबरोबर नावं आली. त्या वस्तूंतही खाण्यापेक्षा लोखंडी सामान आणि कारागिरीच्या गोष्टी भरपूर, हे मन्याच्या यादीत राहिलं. चावी, घमेलं, पिंप, बालदी, फीत, काडतूस, पगार. आणि तुमचे मिस्त्री स्वतःच. त्यांच्या भाषेतला "मेस्त्र" म्हणजे उस्ताद, आपल्या कामात तरबेज असलेला कारागीर. सुतार आपला, मिस्त्री त्यांचा. माणूस तोच.

आणि मन्या, बिजागरीसुद्धा पोर्तुगीजच. मूळ शब्द "बिसाग्रा". बीज आणि आगर यांचा दार उघडण्याशी संबंध काय ते तूच सांग.

अनगोळचा_मन्या

बिसाग्रामध्ये स आहे की! मग आपल्यात ज कुठून आला? मला हे ओढूनताणून वाटतं.

डिचोलीची_लेक

मन्यादादा, त्याचं उत्तर मी देते. माहेर डिचोलीला, सासर खानापूरला. माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत चार बुकं शिकलेले. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधे एकटा स आला की तो स म्हणून उच्चारतच नाहीत, "जहाज"मधल्या शेवटच्या ज सारखा दाताजवळचा ज होतो. म्हणजे लिहायचं बिसाग्रा आणि म्हणायचं बिजाग्रा. आपल्या माणसांनी कागद वाचला नाही, कानांनी ऐकलं.

आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात, तोही त्यांचाच. इकडे खानापुरात कोणी म्हणत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी "जनेल धांप" म्हटलं की सासूबाई बघत राहायच्या. पण चावी मात्र दोन्हीकडे. घाटाच्या वर काय चढलं आणि खाली काय राहिलं हे कसं ठरलं असेल?

चिकोडी_मास्तर

ताई, फार मोलाचं सांगितलंत. हा स-ज नियम आणखी एका ठिकाणी लावून बघण्यासारखा आहे. तिजोरी. पोर्तुगीज "तेसौरु" म्हणजे खजिना. तिथेही स दोन स्वरांत आहे, म्हणजे उच्चार ज चा. म्हणून तिजोरी त्यांच्याकडून आली असं बरेच जण मानतात. काहीजण इंग्रजी "ट्रेझरी"कडे बोट दाखवतात. माझा कल पोर्तुगीजकडे आहे, कारण इंग्रजीतून आली असती तर सुरुवातीचा "ट्र" इतका मऊ "ति" का झाला ते सांगावं लागेल. पण पैज लावणार नाही.

उलट खमीस बघा. पोर्तुगीज "कमीजा", अरबी "कमीस". आपल्या शब्दात स स्पष्ट आहे. पोर्तुगीज तोंडून आला असता तर तिथे ज यायला हवा होता. म्हणून खमीस मी अरबीच्या खात्यात टाकतो.

मेज मात्र फसवं आहे. पोर्तुगीज "मेजा", फारसी "मेज". दोन्हीकडून आपल्याला ज च मिळतो. ही खूण तिथे काही कामाची नाही.

जनेल घाट का चढलं नाही, याचं एक साधं कारण असं असावं की खिडकी वर आधीपासून होती, नावासकट. बिजागरी तशी नव्हती. जुनी दारं चुलीवर फिरायची, म्हणजे फळीलाच वर-खाली खुंट्या आणि चौकटीत खळगे. लोखंडी बिजागरी नवी वस्तू म्हणून आली आणि आपलं नाव घेऊन आली.

माजी_सुभेदार

जय हिंद. हा धागा नातवाने दाखवला. आम्ही बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला भरती झालो. आमच्या काळातली एक गोष्ट सांगतो. रात्री पहाऱ्यावर कोणी जवळ आलं की जुने जवान ओरडायचे, "थम! हुकुमदार!" मी रंगरूट होतो, मला वाटायचं की हुकूम देणारा कोणी साहेब येतोय. पुढं एका साहेबानं सांगितलं, की ते इंग्रजीतलं "हू कम्स देअर" आहे, कोण येतंय तिकडे. शिपायांच्या तोंडी त्याचं हुकुमदार झालं.

रंगरूट म्हणजेसुद्धा "रिक्रूट". मन्याच्या नियमाने हुकूम फारसी, दार फारसी. आणि निघालं भलतंच.

अनगोळचा_मन्या

सुभेदारकाका, सलाम! हे भारी आहे. दारवर माझा आता विश्वास राहिला नाही. 😄

चिकोडी_मास्तर

सुभेदारसाहेब, वर्गात सांगायला याच्याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. कानावर पडलेल्या परक्या आवाजाला माणूस ओळखीचे कपडे घालतो. त्या शिपायांच्या ओळखीचे कपडे फारसीचे होते, म्हणून इंग्रजी वाक्याला फारसी शेपूट आलं. मन्याने बिजागरीला संस्कृत कपडे घातले, तोच प्रकार.

इंग्रजीची जुनी आयात अशीच कानांनी झालेली आहे. पलटण, रंगरूट, काकांच्या लायनीतले बरेच. त्यांत ॲ नाही, ऑ नाही, इंग्रजीची खूण म्हणून काहीच राहिलेलं नाही. ॲ-ऑ असलेले शब्द नंतरचे, शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसांनी आणलेले.

इंग्रजीची एक खूण मात्र डोळ्यांनी पटकन दिसते. कागदावर बघायची. फारसीतला तो दाताजवळचा ज आपण ज लिहितो: जमीन, बाजार, मजुरी, वजीर. तोच आवाज इंग्रजीतून आला की आपण झ लिहितो: डिझेल, डिझाइन, साइझ, झेरॉक्स. आवाज साधारण एकच, अक्षर वेगळं, कारण आल्याचा काळ वेगळा. बेळगावात फर्निचरच्या एका दुकानावर "बझार" लिहिलेलं बघितलं. आपला बाजार इंग्रजीच्या घरी जाऊन परत आला तो झ घेऊन.

हुक्केरीचा_बसू

सर, मी घरी कन्नड, सातवीपर्यंत मराठी शाळा. मराठीत चुका झाल्या तर सांभाळून घ्या. आमच्याकडे पण हेच शब्द आहेत की. जमीनु, नकलु, खर्चु, हाजरी, बाकी, अर्जी, जिल्ले, खाते. मिस्त्रीचा कागद कन्नडमध्ये लिहिला तरी खालची अर्धी बाजू तशीच राहणार. मग हे शब्द फारसीतून आले का मराठीतून आमच्याकडे आले?

आणि एक. तुम्ही ळ ची खूण सांगितली ती कन्नडला चालत नाही, आमच्यात ळ खूप आहे आणि त्याचं कारण वेगळं. पण आमची एक खूण आहे. अस्सल कन्नड शब्दात ख, घ, फ, भ असे जोराचे अक्षर जवळजवळ नसतात. खर्चुमध्ये ख दिसला की आम्ही समजतो, बाहेरचा. संस्कृत नाहीतर तुमच्याकडचा नाहीतर फारसी.

चिकोडी_मास्तर

बसू, तुझी मराठी उत्तम आहे, सांभाळायचं काही नाही. ख ची खूण अगदी खरी. ती मराठीला लागू पडत नाही, कारण आमच्याकडे खांदा, घर, भात सगळे घरचेच. म्हणजे एकाच गल्लीत दोन घरांना दोन वेगळ्या चाळण्या लागतात.

फारसीतून का मराठीतून, याला प्रत्येक शब्दाचं वेगळं उत्तर आहे, आणि पुष्कळदा ते सिद्ध करता येत नाही. दोघांवर एकच अंमल होता. एक मात्र बघता येतं. मराठीने मूळ शब्दात जो खास बिघाड केला, तोच बिघाड कन्नडमध्ये असेल तर वाट मराठीवरून गेली असं म्हणायला जागा आहे. दोन्हीकडचा शब्द मुळाशी सारखाच जुळत असेल तर काही सांगता येत नाही. अर्जी, बाकी यांत तर मुळीच नाही.

निपाणीची_सुमन

बसूदादा, तुमच्याकडच्या हराजुबद्दल सांगा ना. बाजार समितीच्या आवारात कन्नड पाटीवर हराजु लिहिलेलं असतं आणि आम्ही लिलाव म्हणतो. माझे सासरे तंबाखूच्या व्यवहारात होते, ते जुन्या लोकांसारखं हर्रास म्हणायचे. हराजु आणि हर्रास एकच ना?

हुक्केरीचा_बसू

होय अक्का, एकच. बोली लावून विकणे.

चिकोडी_मास्तर

सुमनताई, आत्ता तुम्ही मुद्द्यावर आलात. हर्रास आणि हराजु दोन्ही अरबी "हराज"वरून. लिलाव मात्र पोर्तुगीज "लैलांव". त्यांच्याकडे शेवटी नाकातून जाणारा एक "आंव" असा आवाज येतो. आपल्याकडे त्याचा "आव" झाला. पावाचंही तसंच, मूळ "पांव". शेवटी आव असलेला आणि मराठीत ज्याचा क्रियापदाशी काही धागा जुळत नाही असा शब्द दिसला की तिकडे शंका घ्यावी. बनाव, जमाव, घेराव हे तसे नाहीत, ते बनणे, जमणे, घेरणे यांतून निघतात. लिलणे असं काही नाही.

म्हणजे एका आवारात, एकाच तंबाखूच्या ढिगाऱ्यासमोर, एक शब्द अरबी आणि एक पोर्तुगीज. तंबाखू तर पोर्तुगीजांनीच आणलेली. ढीग तेवढा आपला.

डिचोलीची_लेक

लिलाव आमच्याकडे देवळाच्या पावणीत असतो, "पावणी" म्हणतात. लिलाव म्हटलेलं पण चालतं. मास्तर, नाताळमध्ये ळ आहे की! तो तर शंभर टक्के पोर्तुगीज, "नाताल". तुमच्या ळ च्या नियमाचं काय?

चिकोडी_मास्तर

पकडलंत. नाताळ आणि इस्पितळ हे दोघे नियमाला जुमानत नाहीत. माझा अंदाज असा की शेवटच्या "आल"ला लोकांनी पावसाळा-उन्हाळ्याच्या काळाशी जोडून टाकलं असेल, किंवा पोर्तुगीजांचा शेवटचा ल जिभेच्या मागच्या बाजूने येतो तो आपल्या कानाला ळ सारखा लागला असेल. दुसरं मला जास्त पटतं. पण मग पोर्तुगीज शब्दांसाठी ळ ची खूण सैल धरावी लागेल. फारसीसाठी ती घट्ट आहे.

नंदगडचा_नाना

मास्तर, सगळं छान चाललंय. पण माझी किल्ली राहिली.

चिकोडी_मास्तर

किल्ली मुद्दाम मागे ठेवली होती, कारण तिच्यावर माझं आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं वर्षानुवर्षं भांडण आहे.

आधी चावी. ती पोर्तुगीज "शाव" किंवा जुन्या उच्चारात "चाव". आज लिस्बनचा माणूस तिथे श म्हणतो, पण पोर्तुगीज इथे आले तेव्हा तो आवाज च होता. आपल्या चावीत तो जुना च टिकलाय. आणि बोलून बघा: चाक, चाळ, चारा, चावणे यांतला च दाताजवळचा. चावीतला च तसा नाही, तो चिमणीतल्या च सारखा, टाळूजवळचा. कुत्रा चावला आणि चावी हरवली, दोन्ही एका दमात म्हणा, फरक जिभेला कळेल. चा ने सुरू होणाऱ्या रोजच्या शब्दात टाळूचा च आला की थबकावं. चार आणि संस्कृत शब्द सोडून.

आता किल्ली. मन्याचा किल्ला इथे नाही. किल्ला अरबी "कल्आ"वरून, त्याचं चावीशी नातं नाही. माझा सहकारी म्हणायचा, फारसीत किल्लीला "किलीद" म्हणतात, तिथूनच आली. ऐकायला पटतं. पण त्या द चं काय झालं? मराठी फारसीचा शेवटचा द गिळत नाही, फार तर त्याचा त करते. मदद होती तिची मदत झाली, पसंद होतं त्याचं पसंत झालं. त्या हिशेबाने किलीदची "किलीत" व्हायला हवी होती. किल्ली कशी झाली?

माझं म्हणणं, ती संस्कृत "कील"पासून, म्हणजे खुंटी, खिळा. आडवी खुंटी सरकवून दार बंद करायचं, ती खुंटी म्हणजे किल्ली, आणि पुढे ती सरकवायचं साधन. पण तो सहकारीही काही कच्चा नव्हता. तो विचारायचा, की मग ळ कुठे आहे? कीलवरून खीळ आली, खिळा आला, दोघांत ळ. किल्लीत ल्ल का? यावर मी सांगतो, की बोलण्यात ल दुप्पट झाला तर तो ळ होत नाही. त्यावर तो हसायचा.

हुक्केरीचा_बसू

सर, कन्नडमध्ये किल्लीला कीली कै म्हणतात. कै म्हणजे हात. कुलपाला बीग, म्हणून बीगद कै पण म्हणतात. नानांच्या आजीची किल्ली आमच्याकडून आली असेल की.

चिकोडी_मास्तर

असू शकतं, बसू. कन्नडमधला कीलीसुद्धा शेवटी त्याच कीलपाशी जातो, त्यामुळे मूळ माझ्या बाजूनेच राहतं. पण मराठीत ती संस्कृतातून आपसूक उतरली की कन्नडकडून आली, हा प्रश्न तू आज नवीन उभा केलास. ल्ल ची अडचणही त्याने थोडी सुटते, कारण उसन्या शब्दाला ळ चा नियम लागत नाही. पण किल्ली नुसती सीमाभागात नाही, पुण्या-नाशकातही घड्याळाला किल्लीच देतात. त्यामुळे मी लगेच तुझ्या बाजूला येत नाही.

अनगोळचा_मन्या

एक शेवटची खूण मी सांगू का? आईने सांगितली. जुना शब्द प्रत्यय लागला की वाकतो, नवीन वाकत नाही. कुलूप, कुलपाला. हँडल, हँडलला. स्क्रू, स्क्रूला. म्हणजे वाकला तर आपला!

चिकोडी_मास्तर

आई बरोबर, तू अर्धा. वाकला तर आपला नव्हे, वाकला तर मुरलेला. कुलूप परकंच आहे, पण कुलपाला म्हणताना मधला ऊ गळतो इतकं ते मुरलंय. बूट इंग्रजी, तरी बुटात खडा जातो. तिकीट इंग्रजी, तरी तिकिटाला रांग लागते. टेबल बघ, नानांनी पहिल्याच पोस्टमध्ये टेबलावर लिहिलंय. या खुणेने शब्द कुठून आला ते कळत नाही, किती दिवस राहिलाय ते कळतं. हँडलही अजून पन्नास वर्षांनी "हँडलाला" होईल की नाही, ते दारं बनवणारे ठरवतील.

माजी_सुभेदार

नानासाहेब, मिस्त्रीच्या पेटीतलं एक हत्यार तुमच्या कागदात नाही. भोक पाडायचं गिरमिट. ते इंग्रजी "गिमलेट". आणि रंधा?

चिकोडी_मास्तर

रंधा फारसी "रंदा". कागदातली मजुरी, बाकी, वजा, तीही त्याच बाजूची. करवत आपली. नाना, तुमचा कागद वरून खाली वाचत आलं तर लाकूड बरंचसं घरचं, लोखंड समुद्रावरून आलेलं आणि पैशाचा हिशेब कचेरीतला. खिळा तेवढा लोखंडाचा असून घरचा, आणि कोयंड्याबद्दल मी काही बोलत नाही.

निपाणीची_सुमन

गिरमिट? ते तर चुरमुऱ्याचं खातात ना, हुबळीकडचं? कांदा, टोमॅटो, पुठाणी घालून? ते पण इंग्रजी?

हुक्केरीचा_बसू

अक्का, ते आमचं आहे. चुरमुरे मसाल्यात गिरगिर फिरवून कालवतात म्हणून गिरमिट असं आमच्याकडे काहीजण सांगतात.

चिकोडी_मास्तर

बसू, हा मन्याचा बीज-आगर झाला. पुरावा असेल तर घेऊन ये, मी हुक्केरीला यायला तयार आहे.

नंदगडचा_नाना

भाच्याला सगळं वाचून दाखवलं. त्याने कागद घेतला आणि ळ असलेल्या शब्दांखाली रेघा मारल्या. फळी आणि खिळे, दोनच निघाले. आता विचारतोय की चौकट आणि कडीला ल पण नाही आणि ळ पण नाही, त्यांचं कसं ओळखायचं. मास्तर, उद्या सवडीने सांगा. मिस्त्री आलेत, बिजागऱ्या पितळी घ्यायच्या की लोखंडी ते ठरवायचंय.